‘मृत्यूचा धोका पंचेचाळीस टक्क्यांनी कमी’ म्हणजे काय?

किरणोत्सर्गाचा धडा शिकवून मी वर्गाबाहेर पडलो, तेव्हा बारावीतली एक विद्यार्थिनी मागोमाग आली. तिच्या हातात एका वैद्यकीय शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याचा छापील कागद होता. तिच्या मामांना तोंडाचा कर्करोग झालेला. आपल्या गोंदिया जिल्ह्यात खर्रा घोटण्याची सवय किती जणांना आहे, हे तुम्ही पाहताच. मामांना पुढच्या उपचारासाठी नागपूरला जायला सांगितले होते. तिथे एका नव्या औषधाची गोष्ट निघाली आणि कुणीतरी हा कागद घरी आणून दिला.

“सर, घरी सगळे म्हणतात की या औषधाने शंभरातले पंचेचाळीस रुग्ण वाचतात. मामा धानाची दोन एकर जमीन विकायला निघाले आहेत. खरंच असं लिहिलंय का यात?”

मी कागद वाचला. तसे त्यात लिहिलेले नव्हते. मात्र जे लिहिले होते ते नीट समजायला आम्हां दोघांना ती अख्खी दुपार लागली. त्या दुपारी आम्ही जे वाचले, तेच आज तुमच्यासमोर मांडतो.

हा निबंध मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातला. विजय पाटील, कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला आणि ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात तो २०२३ साली छापून आला. डोके व मान या भागांतला कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेलेले १५१ रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. ७५ जणांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तीन औषधांच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या ७६ जणांना त्याच गोळ्या आणि त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब नावाच्या औषधाची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा दिली. एरवी या औषधाची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते आणि ती इतकी महाग पडते की आपल्याकडे फार थोड्यांना परवडते. थोड्या मात्रेने काही लाभ होतो का, हा प्रश्न होता.

निष्कर्ष असा दिला होता : गोळ्यांच्या गटात मध्यक जीवनकाल ६.७ महिने, निव्होलुमॅबच्या गटात १०.१ महिने. एक वर्षानंतर हयात असलेले रुग्ण पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के. हॅझार्ड रेशो ०.५४५, त्याची विश्वासमर्यादा ०.३६२ ते ०.८२०.

आता एकेक आकडा पाहू या.

प्रथम मध्यक. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस, म्हणजे आज असलेल्या अणूंपैकी निम्मे आठ दिवसांत फुटतात. रुग्णांचा मध्यक जीवनकाल हीच कल्पना. गटातले निम्मे लोक हयात उरले तो काळ म्हणजे मध्यक. तुम्ही विचाराल, सरळ सरासरी का काढत नाहीत? कारण निबंध लिहायच्या दिवशी काही रुग्ण जिवंत असतात. ते आणखी किती जगतील हे ठाऊक नसल्यामुळे बेरीजच पुरी होत नाही. निम्म्यांवर पोहोचायला मात्र सगळ्यांचा शेवट ठाऊक असावा लागत नाही.

पण एक अडचण उरतेच. काही रुग्ण मध्येच तपासणीला येणे थांबवतात. कुणी गाव बदलतो, कुणाला मुंबईचा प्रवास झेपत नाही. त्यांना मृत धरायचे की जिवंत? यावर कॅपलान आणि मायर या दोघांनी १९५८ साली दिलेली युक्ती आजही वापरतात. ती कळावी म्हणून आठ रुग्णांचे एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, दुसऱ्या महिन्यात एक रुग्ण दगावला. आठांपैकी सात उरले, म्हणजे हयात प्रमाण ७/८ किंवा ८७.५ टक्के. चौथ्या महिन्यात आणखी एक गेला. सातांतले सहा उरले. म्हणून ७/८ ला ६/७ ने गुणायचे. उत्तर ७५ टक्के. पाचव्या महिन्यात एक रुग्ण तपासणी करून गेला तो परत आलाच नाही. इथे टक्केवारीला हात लावायचा नाही. फक्त पुढच्या हिशेबाला सहांऐवजी पाच माणसे धरायची. सातव्या महिन्यात एक मृत्यू. पाचांतले चार उरले. ७५ टक्क्यांचे ४/५ म्हणजे ६० टक्के. नवव्या महिन्यात आणखी एक मृत्यू. चारांतले तीन उरले, ६० चे ३/४ म्हणजे ४५ टक्के. हयात प्रमाण नवव्या महिन्यात ५० च्या खाली उतरले, तेव्हा मध्यक नऊ महिने.

आता त्या न आलेल्या रुग्णाला पाचव्या महिन्यातच मृत धरून पाहा. पाचव्या महिन्यातच प्रमाण ५/८ होते आणि सातव्या महिन्यात ते ४/८, म्हणजे थेट निम्म्यावर येते. मध्यक नऊचा सात महिने होतो. एका माणसाच्या चुकीच्या नोंदीने दोन महिन्यांचा फरक! हिशेबातून बाद केलेल्या अशा नोंदीला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. या युक्तीत एक गोष्ट गृहीत आहे. न आलेला रुग्ण बाकीच्यांसारखाच असला पाहिजे. प्रकृती खालावली म्हणूनच लोक यायचे थांबले असतील, तर आलेख खऱ्यापेक्षा चांगला दिसेल. म्हणून किती जण आणि कोणत्या गटातले सुटले, हे निबंधात पाहावे लागते.

आता तो ०.५४५. किरणोत्सर्गात क्षयांक असतो. या क्षणी शिल्लक असलेल्या अणूंपैकी दर सेकंदाला किती हिस्सा फुटेल, ते तो सांगतो. माणसांच्या बाबतीत या दराला ‘हॅझार्ड’ म्हणतात. आज हयात असलेल्यांपैकी नजीकच्या काळात किती दगावतील, त्याचा हा दर. दोन गटांच्या दरांचे गुणोत्तर म्हणजे हॅझार्ड रेशो. ते काढण्याची सर्वांत रूढ रीत डेव्हिड कॉक्स या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडली.

०.५४५ चा अर्थ असा. एखाद्या महिन्यात पहिल्या गटातल्या हयात शंभरांपैकी दहा जात असतील, तर दुसऱ्या गटातल्या हयात शंभरांपैकी पाच-सहा जातील. एकातून ०.५४५ वजा केले की ०.४५५ उरतात. ‘धोका पंचेचाळीस टक्क्यांनी कमी’ हे वाक्य तिथून आले. ते दराविषयी आहे, वाचलेल्या माणसांविषयी नाही. वर्षभरात शंभरांपैकी किती गेले ते पाहा. पहिल्या गटात सुमारे ८४, दुसऱ्यात सुमारे ५७. म्हणजे एक वर्षानंतर शंभरांमागे २७ माणसे जास्त हयात होती. लाभ मोठा आहे, पण ‘पंचेचाळीस वाचले’ हे खरे नाही. आणि वर्षानंतर हयात असणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे.

इथे विद्यार्थिनीने भौतिकशास्त्राचा नेमका प्रश्न विचारला. “सर, क्षयांक निम्मा झाला की अर्धायुष्य दुप्पट होतं ना? मग ६.७ ला ०.५४५ ने भागलं की १०.१ यायला हवेत.”

आम्ही भागून पाहिले. आले १२.३. मग कुठे चुकले? निबंधात चूक नव्हती. अणूचे गणित आम्ही माणसाला लावले होते. अणू म्हातारा होत नाही. त्याचा क्षयांक आजही तोच आणि हजार वर्षांनीही तोच. रोग्याचा धोका मात्र काळाबरोबर बदलतो. याचा पुरावा निबंधाच्या आकड्यांतच आहे. ६.७ महिने हे अर्धायुष्य आणि दर कायम, असे असते तर पहिल्या गटात बारा महिन्यांनी सुमारे २९ टक्के रुग्ण हयात दिसले असते. प्रत्यक्षात १६.३ टक्केच होते. म्हणजे मध्यकानंतर त्या गटातला मृत्यूचा दर वाढत गेला. म्हणून मध्यक आणि हॅझार्ड रेशो यांपैकी एकावरून दुसरा काढता येत नाही. दोन्ही द्यावे लागतात आणि आलेखही काढून दाखवावा लागतो. दोन गटांचे आलेख एकमेकांना छेदत असतील, तर एकाच रेशोने सगळा काळ सांगणे फसवे ठरते. आलेखाखाली दर काही महिन्यांनी किती माणसे हिशेबात उरली ते छापलेले असते. उजव्या टोकाला पाच-सहाच उरली असतील, तर तिथल्या उंचीवर फार विसंबू नये. एका मृत्यूने तिथे मोठी पायरी पडते.

उरल्या विश्वासमर्यादा. दीडशे रुग्णांवरून काढलेले गुणोत्तर अगदी नेमके असणार नाही. ०.३६२ ते ०.८२० म्हणजे खरे गुणोत्तर या पल्ल्यात कुठेही असणे या माहितीशी जुळते. धोका बराच कमी झाला असेल किंवा बेताचाच. पण सगळा पल्ला १ च्या खाली आहे. १ म्हणजे दोन्ही गट सारखे. पल्ल्यात १ आला असता, तर ‘फरक नाही’ ही शक्यता खोडता आली नसती. मध्यकांनाही असेच पल्ले आहेत. पहिल्या गटात ५.८ ते ८.१ महिने, दुसऱ्यात ७.४ ते १२.६. पल्ला न देता नुसता आकडा देणे म्हणजे मोजपट्टीचा लघुतम माप न सांगता लांबी सांगण्यासारखे आहे.

आणि या अभ्यासात पूर्ण मात्रा घेणारा तिसरा गट नव्हता. त्यामुळे थोडी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली की नाही, हे यावरून सांगता येत नाही. या गोळ्यांना तिची जोड दिली तर लाभ होतो, एवढेच दिसते.

विद्यार्थिनीने हे सगळे एका कागदावर उतरवून घेतले आणि घरी नेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “मामांनी एकच विचारलं, मग मला किती महिने? दहा?”

“तसं नाही,” मी म्हणालो. “दहा महिन्यांच्या आत निम्मे गेले आणि निम्मे त्यानंतरही होते. मामा कोणत्या निम्म्यात, हे या कागदाला ठाऊक नाही. कोणता अणू कधी फुटेल, हे तरी आपल्याला कुठे सांगता येतं?”

औषध घ्यावे की नाही, हे सांगणे माझे काम नव्हते. पण पुढच्या खेपेला नागपूरला जाताना मामांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून नेले. पहिला प्रश्न होता : हा अभ्यास ज्या रुग्णांवर झाला, त्यांच्यात आणि माझ्यात काय सारखे आहे? आणि दुसरा : थोड्या मात्रेचा एकूण खर्च किती? जमिनीचा व्यवहार त्यांनी त्या उत्तरांपर्यंत थांबवला.