64 बाइट्स आले कुठून?

अमीरपेटच्या क्लासेसमधून नेटवर्किंग शिकून आलेल्या मुलांना इथरनेटची फ्रेम किमान 64 बाइट्सची का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: हेडरचे 14, शेवटच्या तपासणीचे 4 आणि डेटाचे किमान 46, झाली बेरीज. मग 46 का? तर 64 भरायला हवेत म्हणून! हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले. याला कारण म्हणत नाहीत. 64 आधी ठरले. त्यातून 18 वजा केल्यावर 46 उरले.

आयईईई 802.3 हे मानक 1983 सालचं. वेग सेकंदाला 1 कोटी बिट, सगळ्यांची केबल एकच, आणि दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त अडीच किलोमीटर, म्हणजे जवळपास अख्खा टँकबंड. कोलिजन झालं की नाही, हे पाठवणारं कार्ड स्वतःची फ्रेम चालू असेपर्यंतच बघतं. सगळी मेख इथे आहे.

जाड कोॲक्स केबलमध्ये सिग्नल सेकंदाला सुमारे 2.3 लाख किलोमीटर धावतो. अडीच किलोमीटरला लागतात 11 मायक्रोसेकंद. ‘अ’ने पाठवायला सुरुवात केली. सिग्नल ‘ब’पाशी पोचणार, तेवढ्यात लाइन शांत आहे असं समजून ‘ब’नेही सुरुवात केली. कोलिजन ‘ब’च्या टोकाला झालं, त्याची खबर ‘अ’ला कळायला आणखी 11, म्हणजे एकूण 22 मायक्रोसेकंद. फ्रेम 20 बाइट्सची असती तर ती सोळाव्या मायक्रोसेकंदालाच संपली असती. ‘अ’ने ती पोचली असं धरलं असतं आणि पुन्हा पाठवलीच नसती.

22 मायक्रोसेकंदांत 220 बिट, म्हणजे 28 बाइट्स जातात. मग 28 का नाहीत? कारण वाटेत चारपर्यंत रिपीटर असतात, ट्रान्सीव्हर आणि त्यांच्या जोडकेबली असतात, आणि प्रत्येकाचा उशीर जाताना-येताना दोनदा लागतो. कोलिजन सगळ्यांना कळावं म्हणून सोडायच्या जॅम सिग्नललाही वेळ हवा. हे सगळं धरून मर्यादा 512 बिटांची, म्हणजे 51.2 मायक्रोसेकंदांची ठेवली. तेच 64 बाइट्स.

वेग दहापट झाला तेव्हा हेच 64 बाइट्स 5.12 मायक्रोसेकंदांत संपू लागले, म्हणून हबवरच्या नेटवर्कचा पसारा सुमारे 200 मीटरवर आला. गिगाबिटला तो 20 मीटरच उरला असता. म्हणून तिथे हाफ डुप्लेक्समध्ये छोट्या फ्रेममागे भरीचा सिग्नल जोडून तिचा तारेवरचा मुक्काम 512 बाइट्सएवढा केला.

आता नेहमी ऐकू येणारे दोन गैरसमज. ‘आजच्या स्विचलाही कोलिजनसाठीच 64 लागतात’: नाही, फुल डुप्लेक्समध्ये कोलिजन नसतं, जुन्या उपकरणांशी जुळावं म्हणून नियम राहिला.

‘वायरशार्कमध्ये 42 बाइट्सची एआरपी फ्रेम दिसते, म्हणजे नियमच खोटा’: पाठवणाऱ्याच्या मशीनवर ती भर घालण्याआधीच टिपली जाते. तीच फ्रेम पलीकडच्या मशीनवर टिपा. साधारणपणे 60 दिसतील, आणि तपासणीचे 4 बाइट्स कार्डाने आधीच काढून घेतलेले असतात.