बाळंतपण आणि पीएचडीची रजा

‘मॅडमना सांगितलंय, त्या हो म्हणाल्या,’ एवढ्यावर पुष्कळ संशोधक विद्यार्थिनी बाळंतपणाला निघून जातात. मार्गदर्शक कितीही समजूतदार असल्या, तरी त्यांचा तोंडी होकार विद्यापीठाच्या पीएचडी विभागात कुठेच नोंदला जात नाही. मग सहामाही प्रगती अहवालाला ती संशोधन सल्लागार समितीपुढे आली नाही, की कागदावर ती विनापरवानगी गैरहजर ठरते.

खरं तर यूजीसीच्या 2022च्या नियमांत संपूर्ण पीएचडीच्या काळात मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. समजा, रजा 1 नोव्हेंबर 2025ला सुरू झाली. सलग घेतली तर ती 28 जून 2026ला संपते. मधला प्रगती अहवाल बुडणारच. म्हणून अर्जात दोन्ही तारखा, बुडणारा अहवाल आणि तो पुढे ढकलण्याची विनंती असावी. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. मार्गदर्शकांची शिफारस घेऊन अर्ज संशोधन केंद्रामार्फत विद्यापीठात जातो. आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि मंजुरीचं पत्र हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

सहा वर्षांच्या कमाल मुदतीतून हे दिवस वगळले जातील का, हेही त्याच अर्जात विचारून लेखी उत्तर घ्यावं. महिलांना जादा दोन वर्षांची सवलत मिळू शकते, पण ती वेगळी मागावी लागते. फेलोशिप असेल तर ती देणाऱ्या संस्थेलाही कळवावं लागतं; विद्यापीठाची मंजुरी तिथे आपोआप पोहोचेल, असं धरून चालू नये.