शून्य एकक स्थानी बसलं की

परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या स्वाध्यायाचं पान मोबाइलवर टिपलेलं असतं आणि त्यात हा प्रश्न हमखास सापडतो: 0, 1, 2, 3, 4, 5 या अंकांपासून चार अंकी सम संख्या किती तयार होतील? अंक पुन्हा वापरायचा नाही. ही शेवटची अट फोटोच्या कडेला कापली तर गणितच बदलतं, म्हणून आधी ती शोधावी.

इथे बंधनं दोन. संख्या सम हवी, म्हणजे एकक स्थानी 0, 2 किंवा 4. आणि संख्या चार अंकी हवी, म्हणजे हजारच्या जागी 0 चालणार नाही. घाईत विद्यार्थी एककाचे 3 पर्याय धरतो, उरलेल्या तीन जागांना 5, 4, 3 देतो, गुणाकार करतो आणि 180 लिहून मोकळा होतो. त्या 180 मध्ये 0132 सुद्धा शिरलेली असते. ती तर तीन अंकी संख्या!

मग आणखी एक जण हजारच्या जागेला 4 पर्याय देतो आणि 3 × 4 × 4 × 3 = 144 काढतो. हेही चूकच, पण का, हे पाहण्यासारखं आहे. एककाला 0 गेलं असेल, तर उरलेल्या पाचही अंकांपैकी कोणताही अंक हजारच्या जागी बसू शकतो. एककाला 2 किंवा 4 असेल, तर 0 अजून शिल्लक आहे आणि त्याला हजारच्या जागी मज्जाव आहे. तिथे पर्याय चारच. म्हणजे एका जागेचे पर्याय किती, हे दुसऱ्या जागी कोण बसलं यावर ठरतं. गुणाकाराच्या नियमाला प्रत्येक टप्प्यावर एकच ठरलेली संख्या लागते. ती मिळावी म्हणून प्रकार वेगळे करायचे.

एकक 0: हजार, शतक, दशक मिळून 5 × 4 × 3 = 60.

एकक 2 किंवा 4: 2 × 4 × 4 × 3 = 96.

कोणतीही संख्या दोन्ही प्रकारांत येत नाही, कोणतीही सुटत नाही, म्हणून बेरीज करता येते: 156.

पडताळाही सोपा. सगळ्या चार अंकी संख्या 5 × 5 × 4 × 3 = 300. विषम संख्यांच्या एककाला 1, 3 किंवा 5. तिन्ही वेळा 0 शिल्लकच राहतं, हजारला नेहमी चारच पर्याय, त्यामुळे प्रकार पाडायची गरज पडत नाही आणि 144 थेट मिळतात. 300 मधून 144 गेले, उरले 156. तो चुकीचा 144 खरं तर विषम संख्यांचं उत्तर होता.

अंक पुन्हा वापरायची मुभा असती, तर एककाला काहीही बसलं तरी हजारला पाचच पर्याय राहिले असते आणि एका गुणाकारात 5 × 6 × 6 × 3 = 540 आले असते. प्रकार पाडावे लागतात ते 0 मुळे आणि पुनरावृत्तीच्या बंदीमुळे, दोन्ही एकत्र आल्यावर.

आता हेच अंक, हीच बंदी ठेवून 5 ने भाग जाणाऱ्या चार अंकी संख्या मोजून पाहा. उत्तर 108 यायला हवं.