जुन्या दराचा रकाना

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती. त्याच दिवशी देशभर वस्तू व सेवा कराचे, म्हणजे जीएसटीचे, नवे दर लागू झाले. ३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेत निर्णय झाला होता. त्यानंतरच्या अडीच-तीन आठवड्यांत तूप, साबण, बिस्किटे, टीव्ही, औषधे बनवणाऱ्या कंपन्यांना आपापली दरपत्रके नव्याने मांडून वितरकांना, दुकानदारांना आणि ग्राहकांना कळवावी लागली. एरवी दरबदलाचे पत्रक म्हटले की दरवाढच डोळ्यांसमोर येते. या वेळी दर उतरत होते, आणि ते किती उतरले हे पडताळायला ग्राहकाच्या हातात मोजके आकडे होते.

गुजरातमधील आणंद येथील ज्या दूध महासंघाचा माल ‘अमूल’ या नावाने विकला जातो, त्याने त्या वेळी सातशेहून अधिक वस्तूंचे दर खाली आणले. त्यातल्या तीन ओळी अशा:

| वस्तू | जुनी एमआरपी | नवी एमआरपी | लागू |
|---|---|---|---|
| तूप, १ लिटर | ६५० रु. | ६१० रु. | २२ सप्टेंबर २०२५ |
| लोणी, १०० ग्रॅम | ६२ रु. | ५८ रु. | २२ सप्टेंबर २०२५ |
| गोठवलेले पनीर, २०० ग्रॅम | ९९ रु. | ९५ रु. | २२ सप्टेंबर २०२५ |

तुपावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. मग सात टक्के कमी झाले, ६५० रुपयांवर साडेपंचेचाळीस रुपये सुटायला हवे होते, असा हिशेब कुणीही सहज करील. चाळीसच का सुटले?

कारण ६५० या आकड्यात कर आधीच मिसळलेला आहे. एमआरपी सर्व करांसह छापतात. म्हणून आधी जुना कर बाजूला काढावा लागतो. ६५० ला १.१२ ने भागले की मूळ किंमत ५८० रुपये ३६ पैसे निघते. तिच्यावर ५ टक्के म्हणजे २९ रुपये २ पैसे. बेरीज ६०९ रुपये ३८ पैसे, तीच पुढे ६१० झाली. लोण्याचा हिशेब याच वाटेने ५८ रुपये १२ पैशांवर येतो आणि पत्रकात ५८ छापलेले आहेत. पनीरवर आधी ५ टक्के कर होता, तो शून्य झाला. ९९ चे सव्वाचौऱ्याण्णव होतात, दर ठरला ९५.

दर वेळी भागाकार करत बसायची गरज नाही. कर १२ वरून ५ वर आला असेल तर जुन्या एमआरपीत शंभराला सव्वासहा रुपये कमी व्हायला हवेत. १८ वरून ५ वर आला असेल तर शंभराला अकरा, २८ वरून १८ वर आला असेल तर जवळपास आठ. जुना दर माहीत असेल तर ही पडताळणी दुकानात उभ्याउभ्या होते. म्हणूनच ज्या पत्रकात फक्त नवे दर आणि वर मोठ्या अक्षरांत ‘दर कमी झाले’ एवढेच असते, ते ग्राहकाच्या कामाचे नाही. जुन्या दराचा रकाना गाळला की तपासायला काहीच उरत नाही.

पिशवीतल्या ताज्या दुधाचे नाव मात्र या यादीत नव्हते. दूध स्वस्त होणार अशी चर्चा घरोघरी झाली होती. पण पिशवीतल्या दुधावर आधीपासूनच कर नव्हता, त्यामुळे करकपातीने कमी होण्यासारखे त्यात काही नव्हते. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खोक्यातल्या दुधावर ५ टक्के कर होता, तो गेला, आणि तेवढेच दूध स्वस्त झाले.

सगळ्यात मोठी अडचण दुकानातल्या मालाची होती. पाकिटावर ६२ छापलेले लोणी २१ तारखेला फ्रीजमध्ये होते, ते २२ ला कोणत्या दराने विकायचे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ९ सप्टेंबरला जुन्या मालावर शिक्का मारून किंवा स्टिकर लावून सुधारित किंमत दाखवायची मुभा दिली. अट अशी की छापील जुनी किंमत झाकली जाता कामा नये. १८ सप्टेंबरला सूचना आणखी सैल झाल्या. स्टिकर ऐच्छिक ठरले, वृत्तपत्रातल्या जाहिरातीची सक्ती गेली. मात्र सुधारित दरांचे परिपत्रक घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांना पाठवणे आणि त्याची प्रत केंद्रातील व राज्यातील वैधमापन अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे ज्याला वजनमापे खाते म्हणतात त्याला, देणे कायम राहिले. त्यामुळे पाकीट जुने आणि स्टिकरही नाही, अशा वस्तूचा खरा दर सांगणारा कागद म्हणजे हे परिपत्रकच. दुकानदाराने ते दर्शनी भागात लावणे यासाठीच महत्त्वाचे होते.

दुकानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. जीएसटीत रीतसर नोंदणी असलेल्या दुकानदाराने जुना माल घेताना भरलेला १२ टक्के कर त्याच्या खात्यात जमा राहतो आणि पुढच्या करातून वळता होतो. पण एकरकमी योजनेतल्या छोट्या दुकानदाराला ही सोय नाही. त्याचा भरलेला कर खरेदीतच मुरतो. कंपनीने किंवा वितरकाने फरक भरून दिला तरच त्याला जुना माल नव्या दराने विकणे परवडते.

‘लागू’ हा शेवटचा रकाना लोक वाचत नाहीत, पण महाग वस्तूंमध्ये त्याला फार अर्थ आहे. समजा, करासह ४५,००० रुपयांच्या एसीचे पैसे कुणी २० सप्टेंबरला भरले. बिल आणि एसी दोन्ही २३ ला आले. वस्तू मिळणे, बिल होणे आणि पैसे देणे या तीनपैकी दोन गोष्टी दरबदलाच्या ज्या बाजूला पडतात, तिथला दर लागतो. इथे बिल आणि वस्तू दोन्ही नंतरची आहेत, म्हणून कर १८ टक्के. तीच किंमत ४१,४८४ रुपयांच्या आसपास येते. बिल मात्र २० तारखेलाच फाडले असेल तर कर जुनाच, २८ टक्के. अवघ्या एका तारखेने साडेतीन हजारांचा फरक पडतो.

तक्ता बरोबर असूनही फसगत होऊ शकते. जे दुकान ६५० चे तूप आधीपासून ६२० ला देत होते, तिथे ६१० चा नवा दर म्हणजे दहाच रुपयांची बचत. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, म्हणून तुलना आपल्या जुन्या बिलाशी करावी. दुसरी गोष्ट वजनाची. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरचा कर १८ वरून ५ झाला, तर हिशेबाने दर ४ रुपये ४५ पैसे होतो. पंचावन्न पैसे सुटे कोण देणार? अशा वेळी कंपन्यांना किंमत पाच ठेवून पुड्यातला माल वाढवणे सोयीचे वाटते. तसे केले तर दराच्या रकान्यात काहीच बदल दिसणार नाही. त्या पत्रकात जुने वजन आणि नवे वजन हे दोन रकाने हवेतच. पाच रुपयांत शंभर ग्रॅम मिळत असतील, तर त्याच दराने ११२ ग्रॅम मिळायला हवेत.

दर जुळत नसेल तर पाकिटाचा छापील किंमत दिसेल असा फोटो आणि बिल जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. छोट्या खरेदीचे बिल मागायला संकोच करू नये, कारण त्याच्याशिवाय कोणता दर आकारला हे दाखवता येत नाही.