कीस्टोनचं बटण आणि भिंतीवरचं चित्र

टीव्हीऐवजी प्रोजेक्टर घ्यावा, त्याला स्ट्रीमिंग स्टिक लावावी आणि भिंतीवर शंभर इंची चित्र पाहावं, हा विचार हल्ली अनेक घरांत होतो. तो अव्यवहार्य मुळीच नाही. मात्र खोक्यावर आणि जाहिरातीत छापलेल्या काही शब्दांमुळे असा समज होतो की प्रोजेक्टर कुठेही, कसाही ठेवला तरी चालतो. बहुतेक लोकांचा हिरमोड इथेच होतो. यंत्र चांगलं असूनही चित्र पुसट दिसतं आणि दोष यंत्राला दिला जातो.

गैरसमज : प्रोजेक्टर कुठेही ठेवा, कीस्टोन करेक्शन चित्र सरळ करून देतं

प्रोजेक्टर खालून वर तिरका रोखला की भिंतीवर आयताऐवजी समलंब चौकोन पडतो. वरची बाजू रुंद होते आणि खालची अरुंद राहते. कीस्टोनचं बटण दाबलं की चौकोन सरळ होतो, म्हणून लेन्सनेच काहीतरी दुरुस्त केलं असं वाटतं. घरगुती प्रोजेक्टरमध्ये लेन्स जागची हलतही नाही. आतल्या चिपवरचं चित्रच उलट दिशेने वाकडं करून काढलं जातं, म्हणजे वरच्या बाजूला मुद्दाम अरुंद केलं जातं. भिंतीपर्यंत जाताना ते पसरतं आणि आयताकृती दिसतं. चिपच्या कडेचे जे पिक्सेल रिकामे राहिले, ते वाया जातात.

किती वाया जातात, हे एका नेहमीच्या मांडणीवर मोजून पाहू. हॉल 10 फूट रुंद आहे. प्रोजेक्टर 45 सेंमी उंचीच्या टीपॉयवर, भिंतीपासून 2.65 मीटरवर आहे. त्याचा थ्रो रेशो 1.2 आहे, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या 1.2 पट अंतर त्याला लागतं. लेन्स चित्राच्या बरोबर मध्याकडे पाहते, स्वस्त एलसीडी प्रोजेक्टरमध्ये बहुधा असते तशी. चित्र सोफ्यावरून नीट दिसावं म्हणून यंत्र पुढून उचलून सुमारे 21 अंश वर रोखलं. आता वरची कड खालच्या कडेपेक्षा जवळजवळ 20 टक्के रुंद पडते, आणि चित्र उभंही ताणलं जातं. कीस्टोनने हे सरळ केलं की 217 सेंमी रुंद आणि 122 सेंमी उंच, म्हणजे साधारण 98 इंची आयत मिळतो. त्याची खालची कड जमिनीपासून 80 सेंमीवर येते. दिसायला सगळं ठीक आहे. पण हिशेब केला तर चिपचा जवळजवळ पाचवा भाग या आयतात वापरलाच जात नाही. 1920 × 1080 च्या पॅनेलवरच्या सुमारे 20.7 लाख पिक्सेलपैकी जेमतेम 17 लाख उरले. त्यांच्यावर मूळ चित्र ठासून बसवलेलं असल्याने बारीक अक्षरांच्या उभ्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक दिसतात. उजेडही साधारण त्याच प्रमाणात कमी होतो. अंधाऱ्या खोलीत चित्राच्या भोवती करड्या रंगाची अंधुक पट्टी दिसते ना, तिथे हेच रिकामे पिक्सेल असतात. एलसीडी किंवा डीएलपी चिप प्रकाश पूर्णपणे अडवू शकत नाही, त्यामुळे थोडा उजेड तिथूनही झिरपतो.

याला उपाय आहे, पण तो मेनूमध्ये सापडत नाही. प्रोजेक्टर सोफ्यामागच्या फळीवर, चित्राच्या मध्याइतक्या उंचीवर ठेवा. आपल्या उदाहरणात ती उंची सुमारे 140 सेंमी येते. यंत्र भिंतीशी काटकोनात, अगदी सपाट ठेवलं की कीस्टोन शून्यावर राहतं आणि चिपचा प्रत्येक पिक्सेल कामाला येतो. फळी सोफ्याच्या पाठीला लागून असेल तर बसलेल्यांची डोकीही प्रकाशात येत नाहीत.

छताला टांगलं की प्रश्न सुटतो, असं पुष्कळजण समजतात. मध्याकडे पाहणारी लेन्स 240 सेंमी उंचीवर टांगली, तर ती चित्राच्या मध्यापासून पुन्हा तेवढीच मीटरभर दूर जाते, फक्त आता वरून. तिरकेपणा जसाच्या तसा राहतो. छताला शोभतात ते ऑफसेट असलेले प्रोजेक्टर. अनेक डीएलपी प्रोजेक्टरची लेन्स घडणीतच अशी बसवलेली असते की यंत्र सपाट ठेवलं तरी चित्र लेन्सच्या पातळीपासून वर पडतं. ते उलटं टांगून मेनूत ‘सीलिंग’ निवडलं की चित्र लेन्सच्या पातळीपासून खाली पडतं आणि कीस्टोनची गरज फारशी उरत नाही. तुमचा प्रोजेक्टर कोणत्या जातीचा आहे हे कळायला यंत्र टेबलावर सपाट ठेवा, कीस्टोन शून्य करा आणि चित्र लेन्सच्या वर पडतं की वर-खाली सारखं, ते पाहा. ज्या यंत्रात लेन्स शिफ्ट असतं, म्हणजे लेन्सच वर-खाली सरकवता येते, त्यात एकही पिक्सेल न गमावता चित्र हलवता येतं. ही सोय बहुतेक महाग यंत्रांतच मिळते.

गैरसमज : चित्र अस्पष्ट आहे म्हणजे फोकसची चकती अजून नीट फिरवलेली नाही

कधी खरोखरच तसं असतं. पण वरच्या उदाहरणात चकती कितीही फिरवली तरी पूर्ण चित्र एकाच वेळी स्वच्छ होणार नाही. लेन्स तिच्यासमोरच्या एका सपाट पातळीवरचं चित्र नेमकं उमटवते आणि ती पातळी लेन्सच्या रोखाला काटकोनात असते. यंत्र 21 अंश वर रोखलं की ती पातळीही तेवढीच कलते, भिंत मात्र उभीच राहते. लेन्सच्या रोखाने मोजलं तर चित्राची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे 44 सेंमी दूर असते. त्यामुळे वरचं चित्र स्पष्ट केलं की खालची सबटायटल्स पसरतात, आणि सबटायटल्स स्पष्ट केली की वरचं बिघडतं. कीस्टोनने आकार सुधारतो, फोकसला त्याचा काही उपयोग होत नाही. ऑटोफोकसही सगळ्या चित्रासाठी मिळून एकच जागा निवडू शकतं.

चित्र कसं अस्पष्ट आहे यावरून कारण ओळखता येतं. वर स्पष्ट आणि खाली पुसट, किंवा याच्या उलट असेल, तर यंत्र वर किंवा खाली कललं आहे. डावीकडे स्पष्ट आणि उजवीकडे पुसट असेल, तर बहुधा ते भिंतीशी आडवं तिरपं बसलं आहे. मध्य स्वच्छ आणि चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो लेन्सचा दोष आहे. मग मध्य आणि कोपरा यांच्या अधलीमधली जागा स्पष्ट करून समाधान मानावं लागतं. लावलेला फोकस अर्ध्या तासात आपोआप बिघडला, तर लेन्स आणि तिची चौकट तापून किंचित सरकली आहे. आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत, पण पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, तर फोकस उत्तम आहे, कमी पडतात ते पिक्सेल.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऑटो-कीस्टोन बंद करा आणि हाताने दिलेलं कीस्टोन शून्यावर आणा. मग टेपने चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडेची रुंदी मोजा, तशीच डाव्या आणि उजव्या बाजूची उंची, आणि दोन्ही जोड्या जुळेपर्यंत यंत्रच हलवा. ते पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून तापू द्या. त्यानंतर स्टिकच्या सेटिंग्जमधलं बारीक अक्षरांचं पान उघडा, भिंतीजवळ उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला चकती फिरवायला सांगा. लांबून पाहत फोकस केला तर डोळ्यांची फसगत होते. एवढं करूनही कडांमध्ये दोन-तीन सेंमीचा फरक राहिला, तर तेवढ्यासाठी कीस्टोन खुशाल वापरा. ते नुकसान डोळ्यांना जाणवणार नाही. फक्त ऑटो-कीस्टोन बंदच ठेवा, नाहीतर यंत्राला जरा धक्का लागला की ते चित्र पुन्हा वाकवत बसेल.

गैरसमज : 4के स्टिक लावली की चित्र 4के होतं

चित्रात किती बारकावा दिसेल हे प्रोजेक्टरच्या पॅनेलवर ठरतं. खोक्यावरचं ‘4के सपोर्ट’ एवढंच सांगतं की यंत्र तो सिग्नल स्वीकारतं. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ 1280 × 720 असेल, तर भिंतीवर तेवढंच येणार. अशा यंत्राला साधी एचडी स्टिक पुरते. स्वस्त प्रोजेक्टरवर चित्र विनाकारण काळवंडलेलं दिसत असेल, तर स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एचडीआर बंद करून पाहा.

मात्र स्टिकचा खरा उपयोग वेगळाच आहे. अनेक स्वस्त प्रोजेक्टरमधल्या अँड्रॉइडला ओटीटी कंपन्यांची मान्यता नसते, त्यामुळे काही ॲप्स उघडतच नाहीत किंवा कमी दर्जाचं चित्र देतात. मान्यताप्राप्त स्टिकमुळे हा अडथळा दूर होतो. जुन्या ऑफिस-प्रोजेक्टरला मात्र एचडीएमआयवर एचडीसीपी ही कॉपी-संरक्षणाची सोय नसेल, तर मेनू दिसतो आणि चित्रपट सुरू केला की पडदा काळा होतो. त्याला सेटिंगमध्ये इलाज नाही. आणि स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या ॲडॅप्टरवरूनच द्या. तिला साधारण 1 अँपिअर लागतो, तर साध्या यूएसबी 2.0 पोर्टकडून अर्ध्या अँपिअरचीच खात्री असते. ऐन चित्रपटात स्टिक रीस्टार्ट होते, ती बऱ्याचदा यामुळेच.

गैरसमज : लुमेन भरपूर असले की दिवसाही टीव्हीसारखं दिसतं

खोक्यावर हजारोंनी लिहिलेल्या ‘लुमेन’वर विसंबू नका. एएनएसआय किंवा आयएसओ पद्धतीने मोजलेला आकडाच विचारा. आपल्या उदाहरणातला प्रोजेक्टर 300 एएनएसआय लुमेनचा धरू. एवढा प्रकाश 2.65 चौरस मीटरवर पसरला की भिंतीवर सुमारे 113 लक्स पडतात. कीस्टोनचा पाचवा हिस्सा वजा केला तर साधारण 92 उरतात. आता खोलीतल्या ट्यूबलाइटचे भिंतीवर 100 लक्स पडत असतील, तर चित्रातल्या पांढऱ्या भागावर 192 आणि काळ्या भागावर 100, असा हिशेब होतो. पांढरं काळ्याच्या दुप्पटही उजळ नाही! काळा रंग प्रोजेक्टर तयार करू शकत नाही, तो भिंतीवरच्या अंधारातूनच मिळतो. हेच चित्र कीस्टोनशिवाय 60 इंची केलं तर क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या आत येतं आणि 300 लक्सच्या वर मिळतात. म्हणजे कमी प्रकाशाच्या यंत्रावर चित्र लहान ठेवण्यात शहाणपण आहे. भर दुपारी खिडकीतून येणारा उजेड मात्र ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, आणि तिथे लहान चित्रही टिकत नाही.

तेव्हा रात्री चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्या घरात, जाड पडदे आणि योग्य उंचीची फळी असेल, तर स्टिक लावलेला प्रोजेक्टर टीव्हीची जागा खुशाल घेऊ शकतो. ज्या घरात सकाळपासून बातम्या आणि दुपारी क्रिकेटचा सामना चालतो, त्यांनी टीव्ही काढू नये.