बिल आलं त्याच दिवशी चढलं पाहिजे

कारखान्यातलं विक्रीचं बिल सहसा रखडत नाही. बिलाशिवाय ट्रक गेटबाहेर काढता येत नाही, म्हणून ते माल निघण्याआधी तयार होतंच. रखडतं ते खरेदीचं बिल. माल येतो, उतरवला जातो, मशीनवर चढतो आणि बिल स्टोअरच्या ट्रेमध्ये, ड्रायव्हरच्या खिशात किंवा कुणाच्या तरी ईमेलमध्ये पडून राहतं. त्यावाचून त्या दिवशी कुणाचंच काम अडत नाही. म्हणूनच अनेक कारखानदार आपल्या अकाउंट्सच्या माणसांना एक निरोप पुन्हापुन्हा देतात. त्याचा मतितार्थ असा असतो:

“बिल आणि माल ज्या दिवशी हातात आले, त्याच दिवशी बिल चढलं पाहिजे. दर जुळत नसेल, नग कमी असतील, तरी चढवा आणि पेमेंट थांबवा. बिल मात्र बाजूला ठेवू नका.”

बाहेरच्या माणसाला हा टापटिपीचा हट्ट वाटेल. पण त्यामागे रोख पैशाचा हिशेब आहे. तो एकाच बिलावरून पाहू.

समजा, भोसरीत पंप बनवणारा एक कारखाना आहे. तो कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या फाउंड्रीकडून कास्टिंग घेतो. 22 जूनला 500 नगांचं बिल आलं. प्रत्येक नग 4 किलोचा आणि दर किलोला 120 रुपये, म्हणजे मालाची किंमत 2,40,000 रुपये. त्यावर 18 टक्क्यांनी जीएसटी 43,200 रुपये. एकूण 2,83,200 रुपये. स्टोअरकीपरने मोजले तेव्हा नग भरले 480. वीस नग कमी, म्हणजे करासकट 11,328 रुपयांचा फरक.

बिल त्याच दिवशी चढवायचं तर अकाउंट्सच्या माणसाला तीन कागद शेजारी ठेवावे लागतात: पर्चेस ऑर्डर, स्टोअरची माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि बिल. ऑर्डरवर दर असतो, जीआरएनवर प्रत्यक्ष मोजलेले नग असतात. वीस नगांचा फरक तिथेच डोळ्यांत भरतो. माल अजून रॅकवर असतो, मोजणारा माणूस समोर असतो, ड्रायव्हरच्या चलनावर ‘20 नग कमी’ असा शेरा मारून सही घेता येते. फाउंड्रीला तासाभरात ईमेल जातो आणि तिथेही डिस्पॅचचा माणूस त्या दिवशीचं सांगू शकतो.

आता तेच बिल 20 जुलैला चढलं असं धरा. तोवर कास्टिंगचं मशिनिंग होऊन पंप ग्राहकाकडे गेलेले असतात. फाउंड्रीला विचारलं तर ती म्हणणार, “आम्ही पाचशेच पाठवले.” आणि कायदाही तिच्या बाजूने झुकतो. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या संरक्षणासाठी असलेल्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. या बिलाची ती मुदत 7 जुलैला संपली. जी तक्रार एका ईमेलवर मिटली असती, तिच्यासाठी आता पुरावा शोधत बसायचं.

दुसरा फटका पेमेंटच्या तारखेचा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. करार आहे असं धरलं, तर आपल्या बिलाची मुदत 6 ऑगस्टला संपते. पण 20 जुलैला नोंद करताना तीच तारीख टाकली, तर सॉफ्टवेअर तिथून 45 दिवस मोजतं आणि देय तारीख दाखवतं 3 सप्टेंबर. पेमेंट करणारा माणूस स्क्रीनवर विश्वास ठेवतो आणि 28 दिवसांचा उशीर होतो. त्यावर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू शकतं, आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झालेल्या तरतुदीमुळे, मुदत उलटलेली अशी रक्कम 31 मार्चला थकलेली राहिली, तर तो खर्च त्या वर्षी मंजूर होत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी होतो. जो खर्च झालेला आहे, त्यावरही त्या वर्षी कर भरायचा.

तिसरी गोष्ट जीएसटीची, आणि ती सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येते. मासिक विवरण भरणाऱ्या फाउंड्रीने जूनची विक्री 11 जुलैपर्यंत दाखवायची असते. त्यावरून 14 जुलैला आपल्या नावावर जीएसटीआर-2बी हे पत्रक तयार होतं. 2022 पासून, पुरवठादाराने दाखवलेलं बिल आपल्यापर्यंत अशा पत्रकातून पोचल्याशिवाय त्यावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. समजा फाउंड्रीच्या अकाउंटंटकडून नेमकं हेच बिल सुटलं. आपल्या वहीत ते चढलेलं असेल, तर पत्रक जुळवताना ‘वहीत आहे, पत्रकात नाही’ असं लगेच कळतं आणि फोन जातो. पण ते आपल्याही वहीत नसेल, तर दोन्ही याद्या तंतोतंत जुळतात! सगळं व्यवस्थित दिसतं आणि 20 जुलैला कर भरताना मिळणाऱ्या मालापुरतं क्रेडिटही न घेता तेवढे पैसे खिशातून जातात. दोन्हीकडून सुटलेली चूक जुळवणीत कधीच सापडत नाही, म्हणून निदान आपल्या बाजूची यादी पूर्ण हवी.

मग बिलं अडतात कुठे? बहुतेक वेळा वादात. दर पाच रुपयांनी जास्त लागलाय, खरेदी विभागाला विचारू, असं म्हणत बिल ट्रेमध्ये जातं आणि वर आणखी दहा बिलं येऊन पडतात. ज्या बिलाकडे सर्वांत जास्त लक्ष हवं, तेच सर्वांत खाली जातं. म्हणून निरोपातलं ‘चढवा आणि पेमेंट थांबवा’ हे वाक्य मोलाचं आहे. बिल वहीत येतं, त्याची मूळ तारीख आणि नंबर नोंदला जातो, फरकाची रक्कम डेबिट नोटने वेगळी दिसते आणि क्रेडिट मिळालेल्या मालापुरतंच घेतलं जातं. पुढे त्याच बिलाची ईमेलवरची प्रत कुणी पुन्हा चढवायला घेतली, तर नंबर आधीच असल्याचं उघड होतं आणि दुहेरी पेमेंट टळतं.

या नियमाला मर्यादाही आहेत. बिल आलं पण माल वाटेत आहे, तर ते मिळालेली खरेदी म्हणून चढवायचं नाही, कारण माल हातात आल्याशिवाय क्रेडिटचा हक्क नाही. माल आला पण बिल नाही, तर जीआरएन करून ठेवायचा आणि त्याच दिवशी बिल मागायचं. संध्याकाळी उशिरा आलेल्या ट्रकची नोंद दुसऱ्या सकाळी झाली तर काही बिघडत नाही. मात्र तारीख माल आल्याचीच हवी. आणि हे ओझं एकट्या अकाउंट्सवर टाकून चालत नाही. गेटवर आवक शिक्का, स्टोअरकडून दुपारपर्यंत जीआरएन आणि खरेदी विभागाकडून ऑर्डरची प्रत मिळाली नाही, तर टेबलावरचा माणूस काय चढवणार?

आपल्या कारखान्यात हा नियम पाळला जातो का, हे पाहायला मालकाने आज एवढंच करावं: या आठवड्याचे जीआरएन मागवावेत आणि प्रत्येकासमोर बिलाची नोंद कोणत्या तारखेला झाली ते वाचावं. दोन तारखांमध्ये जिथे अंतर दिसेल, तिथे आधी बिल कुठे थांबलं होतं ते विचारावं. कुणामुळे थांबलं हा प्रश्न नंतरचा.