डॅशबोर्ड वाचताना – भाग ९
गिअरचा बाण आणि ‘इको’चा हिरवा दिवा

मॅन्युअल गाडीच्या मीटरमध्ये वर तोंड केलेला एक छोटा बाण अधूनमधून उजळतो. पुढचा गिअर टाका, असं तो सांगतो. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून नव्या मॉडेलच्या आणि नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मॅन्युअल मोटारीत तो सक्तीचा झाला. आपल्याकडेही तो आता बऱ्याच गाड्यांत दिसतो. पण तो नेमकं कशावर बोलतो?

इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, मुख्यतः एवढ्यावर. कित्येक गाड्यांत कोणता गिअर पडला आहे हेही संगणक फेरे आणि वेग यांच्या गुणोत्तरावरूनच ओळखतो. अशा गाड्यांत क्लच दाबला की ते गुणोत्तर जुळेनासं होतं आणि मीटरवरचा गिअरचा आकडा नाहीसा होतो.

आता हिशेब पाहू. १.२ लिटरची साधी पेट्रोल गाडी सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण २,५०० फेरे मारेल, चौथ्यात १,९०० आणि पाचव्यात १,५००. गाडी त्या वेगात ठेवायला मात्र तिन्ही वेळा सारखीच, ४-५ अश्वशक्ती लागते. मग पेट्रोल कमी-जास्त कशानं होतं? फेरे जास्त म्हणजे आतलं घर्षण जास्त. शिवाय इतक्या कमी शक्तीसाठी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची काही ताकद खर्ची पडते. वरचा गिअर टाकला की फेरे उतरतात, झडप थोडी जास्त उघडावी लागते आणि हे दोन्ही खर्च कमी होतात. बाणाचा सल्ला या मुद्द्यावर खराच असतो.

पण पुढचा रस्ता त्याला दिसत नाही. खंबाटकीच्या चढाला लागण्याआधीच्या सपाट पट्ट्यात तो खुशाल पाचवा टाकायला सांगेल, आणि थोड्याच वेळात तुम्हाला तिसऱ्यावर यावं लागेल. ओव्हरटेक करायचा तुमचा बेत तर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबेपर्यंत त्याला कळूच शकत नाही. पाचव्यात १,३०० फेऱ्यांवर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला तर गाडी थरथरते, कधी कटकट असा आवाज येतो. तेव्हा बाण काहीही म्हणो, एक गिअर खाली यायचं.

घाट उतरताना तर बाणाकडे दुर्लक्षच करावं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, गाडी गिअरमध्ये आणि फेरे पुरेसे असले, की आजच्या इंजिनात इंधन फवारणं पूर्ण बंद होतं. उताराच्या जोरावर चाकंच इंजिन फिरवतात. म्हणजे तिसऱ्यातही पेट्रोलचा खर्च शून्य, आणि वर इंजिनाचा रोध मिळतो. तिथे बाणाचं ऐकून पाचवा टाकला तर वाचत काही नाही, फक्त तो रोध कमी होऊन ब्रेक तापतात. काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरतात. त्यांचं इंजिन उलट आयडलिंगसाठी पेट्रोल पीत राहतं.

आता इकोचा दिवा. या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि घोळ तिथेच होतो. एक दिवा नुसता शाबासकीचा: तुम्ही हळुवार चालवलंत की पेटतो, जोरात दाबलंत की विझतो. गाडीत त्यानं काहीच बदलत नाही. दुसरा बटण दाबून लावायचा. तो मॅन्युअल गाडीत मुख्यतः अ‍ॅक्सिलरेटरचं उत्तर मंद करतो. पेडल तेवढंच दाबलं तरी झडप कमी उघडते. काही गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर मर्यादा येते, काहींत एसीचा कॉम्प्रेसर जास्त वेळ बंद राहतो आणि भर उन्हात ते जाणवतं.

पडताळायचं असेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर एसी बंद करून एकाच गिअरमध्ये एकाच वेगाने चालवा आणि सोबतच्या माणसाला तात्कालिक मायलेजचा आकडा वाचायला सांगा. इको लावल्यावर गाडी किंचित मंदावते, तुमचा पाय नकळत थोडा जास्त दाबतो आणि वेग पूर्ववत झाला की आकडाही बहुतेक पूर्वीएवढाच येतो. लागणारी शक्ती तीच, मग पेट्रोल कमी कसं लागेल? बचत होते ती सिग्नलवरून निघताना आणि वेग वाढवताना. तिथेही पायाने अधीरपणे भरपाई केली नाही तरच.

पाच माणसं आणि सामान भरून चढावर गाडी उठवायची असेल तेव्हा मला इको बंद ठेवलेला बरा वाटतो. अ‍ॅक्सिलरेटर निर्जीव लागला की माणूस क्लच जास्त वेळ अर्धवट धरून ठेवतो, आणि त्यात क्लच प्लेट झिजते. जळका वास आला तर ती घासते आहे असं समजा. गाडी बाजूला घेऊन क्लच थोडा थंड होऊ द्या, मग इको बंद करून पहिल्या गिअरमध्ये पुन्हा निघा.